दातांवरून वय, वयावरून काळजी: परभणी येथील पिलू-नोंदी

१० नोव्हेंबर

पावसाळ्यानंतर आमच्या भागात कुत्र्यांच्या विण्याचा हंगाम येतो. गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा असल्याने भाद्रपद-आश्विनात लागलेल्या कुत्र्या दिवाळीच्या आगेमागे आणि पुढे पौषापर्यंत वितात. त्यामुळे ऐन थंडीत सापडलेल्या पिलांचे फोटो आमच्या गटाच्या फोनवर येऊ लागतात आणि प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न असतो: याला काय खाऊ घालू? या प्रश्नाचे उत्तर पिलाच्या वयावर अवलंबून असते आणि वय कोणालाच ठाऊक नसते. फोटोंवरून वय कसे ठरवावे आणि त्यावरून पहिल्या आठवड्याची काळजी कशी सांगावी, याची एक पद्धत या हिवाळ्यात लिहून काढायची आहे. या नोंदी त्याच कामासाठी आहेत.

आज डॉक्टरांशी बोलून एक गोष्ट निश्चित केली. वय दिवसांत सांगण्याचा प्रयत्न करायचा नाही. पिलू स्वतःचे शरीर ऊबदार ठेवू शकते का, स्वतः चाटून खाऊ शकते का आणि शी-शू स्वतः करू शकते का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळण्याइतके वय कळले की पहिल्या आठवड्यापुरते भागते. तीन आठवड्यांच्या आतले पिलू यांपैकी काहीच नीट करू शकत नाही, तर पाच आठवड्यांचे पिलू तिन्ही करते. खरी अडचण या दोहोंमधल्या पिलांची असते.

१२ नोव्हेंबर

कोणते फोटो मागायचे ते ठरले. लोक आपणहून जे पाठवतात, ते बहुतेक वरून काढलेले, हातावर घेतलेल्या पिलाचे आणि रात्रीचे असतात. त्यांत पिलू गोंडस दिसते, पण त्यावरून वय काही समजत नाही. म्हणून दिवसा, सावलीत, फ्लॅश न वापरता काढलेले चार फोटो मागायचे: चेहरा समोरून, उभे पिलू बाजूने आणि शेजारी काडेपेटी, पोट व मांड्यांचा भाग, आणि तोंडाचा. त्यासोबत पिलू जमिनीवर चालतानाचा थोडा व्हिडिओ. फ्लॅश नको, याचे कारण असे की प्रकाश डोळ्यांतून परावर्तित होतो आणि बुबुळाचा निळसरपणा शिल्लक आहे की गेला, हे ओळखता येत नाही.

तोंडाच्या फोटोसाठी जबडा उघडायचा नाही. एकाने पिलू धरायचे आणि दुसऱ्याने अंगठ्याने वरचा ओठ बाजूने उचलायचा, एवढे पुरते. सुळे आणि पुढचे पटाशीचे दात त्यात दिसतात. हे करताना दात लागून ओरखडा उठला तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी, हे वाक्य फोटो मागणाऱ्या संदेशातच घातले आहे. पिलू लहान आहे म्हणून त्याच्यापासून रेबीज होत नाही, हा समज आमच्याकडे फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे.

१७ नोव्हेंबर, रात्री

मानवतजवळच्या एका वस्तीवरून तीन फोटो आले. सोबत ताईंचा संदेश होता: “माय गाडीखाली गेली. दोन दिवस झालेत. हे एकच राहिलंय, लई थरथरायलंय. म्हशीचं दूध पाणी घालून पाजलं तर पेलं, पण आता पातळ हागायलंय.”

फोटो पिवळ्या बल्बच्या उजेडातले. डोळे पूर्ण उघडे आहेत, म्हणजे दोन आठवड्यांच्या पुढचे नक्की, कारण पिलांचे डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. कान डोक्याला चिकटलेले नाहीत, बाजूला सुटलेले आहेत. एका फोटोत पिलू पाय फाकवून उभे आहे. पोट फुगलेले आणि फासळ्या मात्र दिसतात. याहून अधिक काही सांगता येत नव्हते. आकारावरून ते तीन आठवड्यांचे वाटत होते. पण आईविना राहिलेल्या आणि जंत झालेल्या पिलाचा आकार त्याच्या वयाच्या मागे पडतो. म्हणून अडीच ते सहा आठवडे एवढी मोठी मर्यादा लिहून ठेवली आणि काळजी मात्र अडीच आठवड्यांच्या पिलाची सांगितली. शंका असेल तेव्हा ऊब आणि आहार या दोन्ही बाबतींत कमी वय धरावे. जास्त वयाच्या पिलाला जादा ऊब मिळाली तर ते बाजूला सरकते. कमी वयाच्या पिलाला ऊब कमी पडली तर ते मरते.

रात्रीपुरत्या सूचना अशा दिल्या. खोक्यात स्वच्छ सुती चादर अंथरावी, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे पिलाला नको वाटल्यास दुसऱ्या बाजूला जाता येईल. बाटली गार झाली की बदलावी. गार पडलेल्या बाटलीला चिकटून झोपलेले पिलू उलट अंगातली उष्णता गमावते. अंग कोमट होईपर्यंत काहीही पाजू नये. गार पिलाचे आतडे हलत नाही, त्यामुळे पोटातले दूध तिथेच नासते, पिलू ओकते आणि ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. घरात थर्मामीटर होता. त्याने गुदद्वारातून तापमान घ्यायला सांगितले: ९६ फॅरनहाइटच्या खाली असेल तर फक्त ऊब. पहिल्यांदा ९५.४ आले, दोन तासांनी ९८.२. मग सिरिंजने, पिलाला पोटावर धरून, कोमट ओआरएसचे पाणी थोडे थोडे जिभेवर सोडायला सांगितले. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजू नये, हे दोनदा लिहिले.

म्हशीचे दूध थांबवले. त्यात स्निग्धांश कुत्रीच्या दुधाच्या जवळपास जातो. पण प्रथिने जवळजवळ निम्मी आणि दुधातली साखर जास्त असते, आणि ती साखर पिलाला एवढ्या प्रमाणात पचत नाही. पाणी घातले की साखर पातळ होते हे खरे, पण आधीच अपुरी असलेली प्रथिने आणि ऊर्जा आणखी खाली जातात. वस्त्यांवर ‘हलके होईल’ म्हणून पाणी घालतात. त्याने हगवण थांबत नाही आणि पिलू उपाशी मात्र राहते.

१८ नोव्हेंबर

सकाळी उजेडात काढलेले चारही फोटो आणि व्हिडिओ आले. तोंडाचा फोटो उत्तम होता. वरचे दोन्ही सुळे हिरडीतून बाहेर आलेले, सुईच्या टोकाएवढे. वरचे मधले पटाशीचे दात नुकतेच दिसू लागलेले. खालच्या बाजूला पटाशी नाहीत. सुळ्यांच्या मागे हिरडी सपाट आहे, उपदाढांचा उंचवटा नाही. दुधाच्या दातांमध्ये सुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, पटाशीचे दात त्याच सुमारास किंवा थोडे नंतर आणि उपदाढा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. आठव्या आठवड्यापर्यंत २८ दुधाचे दात पुरे होतात. या तोंडाला मी साडेतीन ते पाच आठवडे दिले. बुबुळ अजून निळसर आहे, ते याच्याशी जुळते. पण निळसरपणा कोणाचा लवकर, कोणाचा उशिरा जातो, म्हणून त्याला दातांपुढे फारसे महत्त्व दिले नाही. कान उभे राहिलेत की पडलेले, याला तर गावठी कुत्र्यांत वयाच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही.

व्हिडिओत पिलू सरळ चालते, वळताना पडते आणि पुन्हा उठते. चालता चालता ते मध्येच बसून लघवी करते, म्हणजे कोमट ओल्या कापसाने पुसून शी-शू करवण्याची गरज उरलेली नाही. तीन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर मिळाले. चाटून पिण्याचे उत्तर मिळवण्यासाठी ताईंना पसरट ताटलीत बोटभर कोमट मिश्रण ठेवून त्याचा व्हिडिओ काढायला सांगितले. पिलाने आधी नाक बुडवले, शिंकले, आणि मग जीभ लावली. सिरिंज आता फक्त अशक्तपणापुरती लागेल.

वजन किराणा दुकानातल्या काट्यावर केले: ९०० ग्रॅम. या वयाच्या पिलाला रोज दर १०० ग्रॅम वजनामागे सुमारे २२ किलोकॅलरी लागतात, म्हणजे याला २०० च्या आसपास. पिलांसाठीची दूध-पावडर डब्यावर दिल्याप्रमाणे कालवली तर एका मिलिलिटरमध्ये साधारण एक किलोकॅलरी येते, म्हणून दिवसाला २०० मिलिलिटर. एका वेळी पोटात दर १०० ग्रॅममागे ४ मिलिलिटर मावते असे धरले तर ३५ मिलिलिटरचे सहा घास होतात. पण उपाशी आणि हगवण लागलेल्या पिलाला पहिल्याच दिवशी एवढे देऊ नये. आज निम्मे, उद्या पाऊण, परवा पुरे असे ठरवले. पावडर परभणीहून संध्याकाळपर्यंत पोहोचेल. तोवर गायीचे उकळून कोमट केलेले पूर्ण दूध पाव लिटर, त्यात तीन अंड्यांचे पिवळे बलक आणि चमचाभर तेल. ही एका दिवसाची सोय आहे, आठवड्याची नाही, आणि तीही अगदी थोडी थोडी.

ताईंच्या मुलाच्या बोटावर दाताचा ओरखडा आहे, हे सहज बोलताना कळले. ओठ उचलताना नव्हे, आदल्या दिवशी खेळताना उठलेला. आई मेलेली, तिची लस झाली होती की नाही याचा पत्ता नाही. मुलाला दुपारीच ग्रामीण रुग्णालयात पाठवले आणि पहिला डोस झाला. पिलू घरातच आहे, त्यावर दहा दिवस लक्ष ठेवले जाईल. पण लस त्यासाठी थांबवायची नसते.

२० नोव्हेंबर

पिलू परभणीला डॉक्टरांकडे आणले. डॉक्टरांनी दात पाहून चार आठवड्यांच्या जवळपासचे वय सांगितले, आमच्या मर्यादेतच. हिरड्या फिकट आहेत. अंगावर पिसवा पुष्कळ. एवढ्या लहान पिलाला पिसवांच्या रक्तशोषणानेच पंडुरोग होऊ शकतो. हिरडी फिकट असेल तर पोटाचा आणि मांड्यांचा फोटो का हवा, ते इथे उमगते. विरळ केसांच्या त्या भागात पिसवा आणि त्यांची काळी घाण स्पष्ट दिसते. त्या फोटोत मला काळे कण दिसले होते, पण माती असावी की घाण, हे फोटोवरून सांगता येत नव्हते. ओल्या पांढऱ्या कापसावर ते कण ठेवले की पिसवांची घाण असल्यास तांबूस ओघळ सुटतो, माती असल्यास नाही. ही कसोटी आता विनंती-संदेशात घातली आहे.

आंघोळ घालायची नाही. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाकायच्या आणि चादर रोज उकळत्या पाण्यात धुवायची. गोठ्यातले गोचिडांचे औषध पिलाला लावायचे नाही. बैलाच्या मापाने केलेले ते द्रावण चार आठवड्यांच्या पिलाला झटके आणू शकते, आणि शेतकऱ्यांच्या घरात नेमके तेच हाताशी असते. पिलांना चालणारा फवारा डॉक्टरांनी स्वतः मारला.

जंताचे औषध डॉक्टरांनी वजनावरून मोजून दिले. वय तीन आठवडे की पाच, याने इथे फरक पडत नाही, कारण गोलकृमी आईच्या पोटातूनच पिलात येतात आणि औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, दर दोन आठवड्यांनी, देतात. मात्र पिलू गार आणि कोरडे पडलेले असताना ते दिले नव्हते, आधी ओआरएस आणि दोन दिवस दूध झाले, हे योग्यच. रात्री शेवयांसारखे कृमी पडले. ताई घाबरल्या, पण हेच अपेक्षित होते. ती शी कागदात गुंडाळून पुरायला आणि हात धुवायला सांगितले, कारण हे कृमी माणसांनाही, विशेषतः लहान मुलांना, त्रास देतात. मुले ज्या अंगणात खेळतात तिथे पिलाला सोडू नये, हेही त्याचसाठी.

२१ नोव्हेंबर

लातूरकडून आलेला एक फोटोसंच इथेच नोंदवतो, कारण त्याच्याशेजारी ठेवले की मानवतच्या पिलाचे वाचन अधिक स्पष्ट होते. पाठवणारे दादा म्हणतात, “महिन्याचं असेल, बारीक आहे.” फोटोत पुढचे मधले दोन दात रुंद आहेत आणि त्यांच्या धारेवर तीन कंगोरे दिसतात, शेजारचे दात अजून बारीक, टोकदार. मधले दात कायमचे आले आहेत आणि ते सुमारे चार महिन्यांना येतात. सुळे दुधाचेच आहेत. कायमचे सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात येतात. हे पिलू महिन्याचे नसून चार ते पाच महिन्यांचे, खाण्याच्या तुटीमुळे आखूड राहिलेले आहे. त्याला दूध-पावडरीची गरज नाही, नरम केलेल्या आहाराचीही नाही. रेबीजची लस मात्र त्याला तत्काळ हवी. आकार धरला असता तर याला चमच्याने दूध पाजत बसलो असतो आणि लस दोन महिने लांबणीवर गेली असती.

२३ नोव्हेंबर

मानवतच्या पिलाचे रोजचे वजन एकाच वेळी, सकाळी पहिल्या खाण्याआधी, एकाच काट्यावर होते. १८ तारखेला ९००, १९ ला ८८५, २० ला ८९५, २१ ला ९२५, २२ ला ९६०, आज ९९५. पहिल्या दिवशीची घट निम्म्या आहाराची आणि हगवणीची आहे. तिसऱ्या दिवशी वजन पुन्हा न वाढते, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे असे ठरले होते. वजन वाढते आहे आणि शी बांधलेली आहे, म्हणून कालपासून पाचपैकी दोन वेळा दुधात भिजवून घोटलेला भात आणि थोडे शिजलेले कोंबडीचे मांस दिले जाते. हळद-मीठ-कांदा काही नाही.

रात्रीची बाटली चालूच आहे. परभणीत रात्रीचा पारा वेगाने खाली जातो आणि या वयाचे पिलू भावंडांच्या ढिगात राहणारे असते. एकटे असेल तर त्याच्या उबेतली ती भावंडांची वाटणी बाटलीनेच भरून काढावी लागते. दिवसा मात्र बाटली काढली आहे. पिलू आता खोक्याच्या गार बाजूला ताणून झोपते, आवळून नाही. ऊब पुरेशी आहे हे ओळखण्याची ही खूण फोटोतही दिसते, म्हणून झोपलेल्या पिलाचा एक फोटो यापुढे मागावा.

वस्तीवरच्या इतर कुत्र्यांपासून त्याला दोन आठवडे दूरच ठेवायचे आहे. पार्वोचा विषाणू पोटात शिरल्यावर लक्षणे दिसायला बहुधा तीन ते सात दिवस, कधी त्याहून अधिक लागतात. म्हणून आज ठणठणीत दिसणाऱ्या पिलाबद्दल निश्चिंत होता येत नाही. ओकारी, खाणे टाकणे आणि दुर्गंधीयुक्त रक्ताळ शी यांपैकी पहिले दिसताच निघायचे. तिन्हींची वाट पाहायची नाही.

२५ नोव्हेंबर

आठवड्यानंतरचा तोंडाचा फोटो मागवला होता, तो आला. खालचे पटाशीचे दात निघाले आहेत आणि सुळ्यांच्या मागे उपदाढांची टोके दिसतात. हे तोंड पाच ते सहा आठवड्यांचे. पहिल्या फोटोवरून जन्म १४ ते २५ ऑक्टोबरच्या दरम्यानचा निघत होता, या फोटोवरून १४ ते २१ ऑक्टोबरचा. दोन्हींत बसणारा काळ म्हणजे १४ ते २१. एका फोटोने जी मर्यादा साडेतीन ते पाच आठवडे अशी होती, ती दुसऱ्या फोटोने एका आठवड्यावर आली. एका दिवशी कितीही चांगले फोटो काढले तरी हे साधले नसते, कारण दात कोणत्या वेगाने येत आहेत ते एकाच दिवशी कळत नाही.

लसीकरणासाठी डॉक्टरांनी २१ ऑक्टोबर हीच तारीख धरायला सांगितली, म्हणजे पुन्हा कमीत कमी वय. त्याने पार्वो आणि डिस्टेंपरच्या पहिल्या लसीला २ डिसेंबरला सहा आठवडे भरतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे काही पिलांत पहिल्या लसीला निष्प्रभ करतात. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा देऊन १६ आठवड्यांपर्यंत न्यावी लागते. कमी वय धरले की शेवटचा डोस आपोआप उशिरा येतो, जे इथे बरे. रेबीजची लस १२ आठवड्यांना, म्हणजे १३ जानेवारीला. तोवर घरातल्या कोणालाही चावा किंवा ओरखडा झाला तर ‘पिलू आपलेच आहे’ असे न म्हणता दवाखान्यात जायचे आहे.

विनंती-संदेशाच्या नव्या मसुद्यात तोंडाचा दुसरा फोटो सातव्या दिवशी मागणारी ओळ घातली आहे, आणि पहिल्या फोटोत ओठ उचलताना बोट हिरडीवर येऊ देऊ नये ही सूचना, कारण येणाऱ्या उपदाढेचा उंचवटा नेमका तिथेच झाकला जातो.